रोटेटर कफचं दुखणं, हात डोक्यावर नेताना खांद्यात कळ येते : सुरुवातीच्या आठवड्यांत कोणते व्यायाम चालतील?

खडूफळा
नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे, वय ४६. दिवाळीआधी घराला रंग दिला, माळ्यावरची भांडी काढली, पुन्हा चढवली, तेव्हापासून उजवा खांदा दुखतोय. हात खाली असला की काही नाही. वर नेताना छातीच्या उंचीला आला की दंडाच्या बाहेरच्या बाजूला कळ निघते. खांद्याच्या जरा वर जाईपर्यंत ती राहते आणि हात पार डोक्यावर गेला की कमी होते. खाली आणताना पुन्हा त्याच जागी दुखतं. फळ्याच्या वरच्या भागावर लिहिणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, वेणी घालणं, सगळंच अवघड झालंय. रात्री उजव्या कुशीवर वळले की जाग येते.

एक्स-रे चांगला आहे. सोनोग्राफीत सुप्रास्पायनेटस टेंडनला, म्हणजे खांद्याच्या स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, सूज आणि अर्धवट फाटल्यासारखं दिसतंय. डॉक्टर म्हणाले, रोटेटर कफचं, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या अशा दोऱ्यांचं दुखणं आहे, ऑपरेशन नको, व्यायाम करा. हातात चित्रांचा एक मोठा कागद दिला. त्यात साधे व्यायामही आहेत आणि वजन घेऊन हात बाजूने वर उचलायचाही आहे. शेजारच्या काकू म्हणतात हात गळ्यात बांधून ठेव. मुलगा म्हणतो बारला लटक, मोकळा होईल. पहिल्या तीन-चार आठवड्यांत यातलं नेमकं काय करावं आणि काय टाळावं? जे यातून गेले आहेत त्यांनी सांगा, जाणकारांनीही सांगा.

मानवतची_माई
लेकी, तिळाच्या तेलात ओवा-लसूण कडव आन् रोज रात्री कोमट लाव. वरून कपड्यानं शेक. आन् पंधरा दिस हाताला कामच लावू नको. आमच्या सासूबाईचा खांदा आसाच बरा झाला.

डंबेल_दादा
माई, तेल ठीक आहे, पण पंधरा दिवस हात बांधून ठेवला तर स्नायू आणखी कमजोर होतात. हे टेंडनचं दुखणं आहे, त्याला वजन द्यावंच लागतं. ताई, दोन किलोचे डंबेल घ्या, अंगठा जमिनीकडे करून हात सरळ ठेवून बाजूने वर उचला, बारा-बाराचे तीन सेट. थोडं दुखणारच, दात-ओठ खाऊन करायचं. आमच्या जिममध्ये सगळे हाच करतात. शेवटी एक मिनिट बारला लटकायचं.

प्रश्नचिन्ह
शीर्षकात रोटेटर वाचून मला वाटलं रोटाव्हेटरबद्दल धागा आहे, म्हणून उघडला. पण बरं झालं, माझंबी खांद्याचंच हाय. दिवसभर ट्रॅक्टरवर मागं वळून बघावं लागतं. मानेपासून खांद्यावर दुखतं, तिथून कोपराच्या खाली जातं आन् अंगठा-बोटाला मुंग्या येतात. मला कोणता व्यायाम लागू पडंल?

लातूरकर_फिजिओ
मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे, खांद्याचे रुग्ण रोज बघतो. इथून कुणाला तपासता येत नाही, तरी काही गोष्टी सांगता येतील.

आधी प्रश्नचिन्ह भाऊ. कोपराच्या खाली जाणारं दुखणं आणि बोटांना मुंग्या म्हणजे बहुतेक मानेतून नस दबतेय. या धाग्यातले खांद्याचे व्यायाम त्यावर करू नका, मान दाखवून घ्या. मुठीतून वस्तू सुटायला लागली तर उशीर करू नका.

आता खडूफळा ताई. तुम्ही फार नीट लिहिलंय. मधल्या टप्प्यात कळ आणि वर गेल्यावर आराम, दुखणं दंडाच्या बाहेरच्या बाजूला, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, हे सगळं रोटेटर कफचंच चित्र आहे. पण व्यायाम सांगण्याआधी चार गोष्टी विचारतो.

उताणं झोपा किंवा आरशासमोर बसा, आणि डाव्या हाताने उजवा हात धरून वर न्या. उजवा पूर्ण सैल सोडायचा. तो कानापर्यंत जातो का? दुसरं, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, पुढचे हात समोर धरा आणि दार उघडल्यासारखे बाहेर फिरवा. उजवा डाव्याइतका बाहेर जातो का? तिसरं, दुखणं सुरू होताना पडलात का, हिसका बसला का? चौथं, साखर आहे का?

बांधावरची_बोर
सर, ही दुसरी चाचणी मी आत्ता माझ्या आईला करायला लावली. तिचाही खांदा तीन महिन्यांपासून दुखतो, आम्ही खडूफळा ताईंसारखंच समजत होतो. तिचा हात बाहेर फिरतच नाही. मी धरून फिरवला तरी आडवं लाकूड लावल्यासारखा थांबतो. तिला साखर आहे.

लातूरकर_फिजिओ
बोर ताई, मग आईंचं दुखणं वेगळं असण्याची शक्यता मोठी आहे. दुसऱ्याने फिरवूनही खांदा बाहेर जात नसेल तर तो आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर, असतो. साखर असणाऱ्यांत तो जास्त होतो. एक्स-रे काढून सांध्याची झीज नाही ना ते डॉक्टरांना बघू द्या. त्याचा वेग वेगळा, व्यायाम वेगळे, आणि जोर लावून ताणला तर सुरुवातीच्या काळात दुखणं वाढतं. या धाग्यातली वजनं त्यांच्यावर लावू नका. साखर तीन महिन्यांची सरासरी बघणारी तपासून घ्या.

खडूफळा
सर, करून बघितलं. डाव्या हाताने धरून नेला तर उजवा कानापर्यंत जातो, मध्ये थोडी चमक येते, पण अडत नाही. बाहेर फिरवला तर दोन्ही जवळपास सारखे. पडले नाही, हिसका नाही. साखर नाही, मागच्या महिन्यातच तपासली. आणि एक, सोनोग्राफीत फाटलंय म्हणतात तर व्यायामाने आणखी फाटणार नाही ना? रात्री हाच विचार डोक्यात असतो.

लातूरकर_फिजिओ
उत्तरं चांगली आहेत. सांधा मोकळा आहे, कळ फक्त हात स्वतःच्या जोरावर उचलताना येते. म्हणजे टेंडनला सध्या जेवढा भार झेपतो त्यापेक्षा जास्त भार पडतोय. सुरुवातीच्या आठवड्यांचा सगळा हिशोब इथेच आहे.

अर्धवट फाटण्याचं मनावर घेऊ नका. चाळिशी-पन्नाशीनंतर अशा खुणा कुठलंही दुखणं नसलेल्या खांद्यांतही सापडतात, साठीनंतर तर खूपच. तुमच्या वर्णनाच्या खांद्यात बेताने वाढवलेला भार हाच उपचार आहे. प्रश्न फक्त किती आणि कोणत्या कोनात एवढा.

हात सरळ ठेवून बाजूला आडवा धरला की त्याचं सगळं वजन खांद्यापासून लांब जातं. पाण्याची बादली अंगाजवळ धरून बघा आणि मग हात लांब करून धरून बघा, तोच फरक. नुसत्या हाताचंच वजन तीन-साडेतीन किलो असतं. त्यात दोन किलोचा डंबेल मुठीत, म्हणजे सगळ्यात लांब टोकाला धरला की खांद्यावर पडणारा ताण दुपटीपेक्षाही वर जातो. वर अंगठा खाली केला की बहुतेकांचा दुखरा खांदा जास्त कुरकुरतो. डंबेल दादा, वजन द्यावं लागतं हे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, हात बांधून ठेवू नये हेही बरोबर. पण तो व्यायाम पहिल्या आठवड्याचा नाही, आणि अंगठा खाली करून तर सध्या अजिबात नको. लटकणंही आता नको.

तर आता. पहिले दोन आठवडे तीनच गोष्टी.

पहिली : दाराच्या चौकटीला उजवी बाजू करून उभ्या राहा. कोपर कमरेला, काटकोनात वाकलेलं, कोपर आणि बरगड्यांमध्ये पंचाची घडी. हाताची मागची बाजू चौकटीला लावा आणि बाहेर ढकला. हात हलायचा नाही, फक्त जोर. तुमच्या पूर्ण ताकदीच्या पावपट जोर पुरे. दहा सेकंद धरा, सोडा, श्वास घ्या. पाच वेळा. मग चौकटीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून तळहाताने आत ढकला, तसंच पाच वेळा. सकाळ-संध्याकाळ. आठवडाभरात दहाचे वीस-तीस सेकंद होऊ द्या.

दुसरी : टेबलासमोर खुर्चीत बसा, तळहाताखाली रुमाल ठेवा आणि हात टेबलावरून पुढे सरकवा. कंबरेतून पुढे वाकायचं, मग हात आपोआप वर जातो आणि त्याचं वजन टेबल घेतं. दहा वेळा, सावकाश.

तिसरी : उताणं झोपून दोन्ही हातांत काठी किंवा लाटणं धरा. डाव्या हाताच्या मदतीने दोन्ही हात डोक्याकडे न्या. जिथे कळ सुरू होते त्याच्या जरा अलीकडे थांबा. आठ-दहा वेळा.

एवढंच. कागदावरची बाकीची चित्रं सध्या घडी घालून ठेवा.

मानवतची_माई
सर, मग तेल लावायचं का नाय?

लातूरकर_फिजिओ
लावा माई, शेकही घ्या. गरम वाटलं तर व्यायामाआधी घ्या, हात सैल पडतो. फक्त तेवढ्यावर टेंडन ताकदवान होणार नाही, आणि हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही.

खडूफळा
करताना थोडं दुखतं सर. किती दुखलेलं चालतं? काही जण म्हणतात अजिबात दुखायला नको, डंबेल दादा म्हणतात दात-ओठ खा.

लातूरकर_फिजिओ
दोन्हींच्या मधे. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं असं धरा. करताना तीनपर्यंत चालेल. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठून वेणी घालायला हात उचला. कालच्याइतकंच किंवा कमी दुखत असेल तर कालचा व्यायाम झेपला. जास्त दुखत असेल, किंवा रात्री नेहमीपेक्षा जास्त वेळा जाग आली असेल, तर कालचा जोर जास्त झाला. अशा वेळी व्यायाम बंद करायचा नाही, जोर निम्मा करायचा.

करताना होणाऱ्या दुखण्यावरच लक्ष ठेवणारे लोक दोन्हीकडे चुकतात. घाबरट असला तर लगेच सोडतो, हट्टी असला तर अंग मोडेपर्यंत करतो. सकाळ मात्र खोटं बोलत नाही.

डंबेल_दादा
हे मला पटलं सर. आमच्याकडे सकाळचं कुणी विचारतच नाही. पण मग लटकणं कायमचं बंद का? मला त्याने फायदा झालाय.

लातूरकर_फिजिओ
कायमचं बंद काहीच नाही. तुमचा खांदा शांत होता, तुम्हाला चाललं. दुखऱ्या खांद्यावर पूर्ण शरीराचं वजन एकदम टाकलं की काय होईल ते आधी सांगता येत नाही. दोन-तीन महिन्यांनी पाय जमिनीला टेकवून अर्धं वजन देऊन करून बघता येईल.

कोयता
माझं सांगतो. मागल्या वर्षी मोटारसायकलवरून पडलो, हात जमिनीला टेकला. त्या दिवसापासून हात वर जाईच ना. दुसऱ्या हाताने उचलून वर ठेवला तर राहत बी नव्हता, धपकन खाली यायचा. गावात सगळे म्हणाले मुका मार हाय, चोळा. चोळत बसलो दोन महिने, असेच व्यायाम बी केले. मग संभाजीनगरला दाखवलं तर एमआरआयत टेंडन पार तुटलेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणले लवकर आला असता तर सोपं गेलं असतं. आता हात जातोय वर, पण उसाची मोळी उचलायचं काम सोडलं.

लातूरकर_फिजिओ
कोयता भाऊंचं सगळ्यांनी लक्षात ठेवा. पडल्यावर किंवा हिसक्यावर एकदम हात उचलायची ताकदच गेली, दुसऱ्याने वर नेऊन सोडला तर हात पडतो, तर घरचे व्यायाम सुरू करायचेच नाहीत, त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे. म्हणून मी ताईंना पडण्याबद्दल विचारलं. खांदा लाल-गरम होऊन ताप असेल तरी तसंच. आणि डावा खांदा दुखतोय, सोबत छातीत दाब, घाम, दम लागतोय, तर तो खांदा नाही, हृदय असू शकतं. सरळ दवाखाना गाठा.

नांदेडकर
मी मागच्या वर्षी खांद्यात इंजेक्शन घेतलं. चौथ्या दिवशी हात वर, बायकोला वाटलं जादू झाली. तीन महिन्यांनी परत तेच. आणि मला साखर आहे, इंजेक्शननंतर आठवडाभर आकडे वर गेले होते, कुणी आधी सांगितलं नाही. ताई, डॉक्टरांनी इंजेक्शन विचारलं तर घ्यायचं की नाही याचा विचार करा.

खडूफळा
हो, विचारलं होतं. सध्या नको म्हटलं. सर, तुमचं काय मत?

लातूरकर_फिजिओ
मी इंजेक्शन देत नाही, म्हणून माझं मत त्या मापाने घ्या. ब्रिटनमध्ये ७०० च्या वर रुग्णांवर ग्रास्प नावाचा एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात स्टिरॉइड इंजेक्शनने सुरुवातीच्या काही आठवड्यांत थोडा जास्त आराम पडला, वर्षभराने इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात काही फरक उरला नाही. म्हणून मला ते अशांसाठी योग्य वाटतं ज्यांना दुखण्यामुळे झोपच येत नाही आणि व्यायाम सुरूच करता येत नाही. तुम्ही करू शकताय. साखर असणाऱ्यांनी घेण्याआधी डॉक्टरांना साखरेचं सांगायचं आणि नंतरचे काही दिवस मोजत राहायचं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. निम्म्या लोकांना फिजिओथेरपिस्टने एकदाच नीट समजावून व्यायाम घरी करायला दिले, निम्म्यांना सहापर्यंत भेटींत स्वतः करवून घेतले. वर्षभराने दोन्हींचा फायदा जवळपास सारखा. हे सांगायचं कारण, मराठवाड्यातला माणूस रोज पन्नास किलोमीटर बस करून येऊच शकत नाही. एकदा नीट शिकून घरी केलं तरी चालतं.

गंगाखेडचा
मग आम्ही दहा दिवसांचं पॅकेज घेऊन रोज शेक आणि करंट घेतो ते वायाच का?

लातूरकर_फिजिओ
वाया असं म्हणणार नाही, त्या वेळापुरतं बरं वाटतं. पण दहा दिवसांत एकदाही व्यायाम न शिकवता नुसतं मशीन लावून सोडलं असेल तर मुख्य उपचार राहूनच गेला. माझ्या व्यवसायातल्या काहींना हे आवडणार नाही.

नांदेडकर
सर, अभ्यास गोऱ्या लोकांचा आहे. आमचा माणूस घरी सांगितलेलं करत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मला कुणी समोर उभं राहून करून घेतलं तेव्हाच झालं.

लातूरकर_फिजिओ
हेही खरं आहे. माझ्याकडेही परत येताना निम्म्यांनी केलेले नसतात. ज्याला लक्ष ठेवणारं कुणी लागतं त्याने यावं.

खडूफळा
दोन आठवडे झाले, सांगायला आले. चौकटीचा व्यायाम आता तीस सेकंद होतो. झोपून काठीने हात कानापर्यंत जातो, मधली चमक हलकी झाली. सगळ्यात मोठा फरक रात्रीचा. उताणं झोपते आणि उजव्या दंडाखाली उशी ठेवते, म्हणजे कोपर मागे पडत नाही. डाव्या कुशीवर वळले तर उशी कवटाळते. जाग यायची कमी झाली. शाळेत फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहिते, वर लिहायचं असेल तर मुलींना सांगते. घरी कपड्यांची दोरी खांद्याच्या खाली आणून बांधली. पुढे काय?

लातूरकर_फिजिओ
छान. दोरी खाली आणली हे व्यायामाइतकंच महत्त्वाचं. दिवसभरात हात किती वेळा डोक्यावर जातो तेही त्याच हिशोबात येतं.

आता दोन गोष्टी वाढवा, पण एकदम नाही, एकीला चार-पाच दिवस द्या आणि मग दुसरी. आधी डाव्या कुशीवर झोपा, उजवं कोपर कमरेवर, मधे पंचा, हातात अर्धा लिटरची भरलेली बाटली. पुढचा हात पोटाकडून वर, आडव्या रेषेपर्यंत उचला आणि तीन मोजत खाली आणा. आठ वेळा, दोनदा. एक दिवसाआड पुरे. मग खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधा, दोन्ही टोकं धरून कोपरं अंगाला घासत मागे ओढा, खांद्याची पाती जवळ येऊ द्या. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत.

टेबलाऐवजी आता भिंत. पुढचे हात भिंतीला टेकवून रुमालाने भिंत पुसल्यासारखे वर सरकवा. कोपरं वाकलेली राहिली की भार कमी पडतो.

योगसाधक_धाराशिव
इतका वेळ वाचत होतो. सूर्यनमस्काराबद्दल कुणीच बोललं नाही. मी कित्येक वर्षं शिकवतो आणि खांदे दुखणाऱ्यांना त्यानेच बरं वाटलेलं पाहिलंय. ताईंनी रोज तीन-चार सावकाश घालावेत.

लातूरकर_फिजिओ
योगसाधक सर, सुरुवातीच्या आसनांत हात वर जातात आणि पुढे वाकणं होतं, ते मर्यादेत चालेल. पण पर्वतासनात आणि साष्टांगात खाली जाताना जवळजवळ अर्ध्या शरीराचा भार वर ताणलेल्या किंवा मागे गेलेल्या खांद्यावर येतो. तिसऱ्या आठवड्यात मी तो देणार नाही.

योगसाधक_धाराशिव
मी पर्वतासन भिंतीला हात टेकवून करवून घेतो, जमिनीवर नाही. आणि साष्टांगात गुडघे आधी टेकवतो. तेवढं बदललं तर तुमची हरकत राहते का?

लातूरकर_फिजिओ
भिंतीवरच्याला हरकत नाही, माझी भिंत पुसणं आणि तुमचं ते जवळपास एकच आहे. गुडघे टेकवूनही छाती खाली नेताना कोपरं मागे जातात, तिथे माझी हरकत कायम आहे. पण मला मान्य आहे की यावर आमच्यातही एकमत नाही.

खडूफळा
मधे एक अडचण आली. भोगीला बाजरीच्या भाकरी बऱ्याच थापल्या, सगळं घर होतं. त्याच आठवड्यात बाटली अर्ध्याची एक लिटरची केली होती. दोन रात्री खांदा ठणकला. सकाळी वेणीला हात जाईना. आता कशाने झालं ते कळत नाही, भाकरीने की बाटलीने. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का?

बांधावरची_बोर
ताई, भाकरी थापताना हात कुठे वर जातो? माझ्या मते बाटलीच.

मानवतची_माई
थापताना नाय जात, पण पीठ मळताना सगळा जोर खांद्यावरच येतो माय. आन् तवा चुलीवर चढवायचा-उतरवायचा कुणी?

लातूरकर_फिजिओ
दोघींचंही बरोबर असू शकतं. ताई, पहिल्यापासून नको. दोन-तीन दिवस फक्त चौकटीचा आणि टेबलाचा व्यायाम, तोही निम्म्या जोराने. सकाळ शांत झाली की अर्ध्या लिटरवर परत या. एक लिटर म्हणजे एकदम दुप्पट झालं, मधे पाऊण लिटर भरा. आणि ज्या आठवड्यात घरी सणाचं काम आहे त्या आठवड्यात व्यायाम वाढवायचा नाही, आहे तिथेच ठेवायचा. असा ठणका आला म्हणजे टेंडन आणखी फाटलं असं नाही. दोन-चार दिवसांत पूर्वीच्या जागी आला तर काळजी नाही. आठवडा उलटूनही उतरला नाही, किंवा ताकद कमी झाल्यासारखी वाटली, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

खडूफळा
चौथ्या दिवशी पूर्ववत झालं. आता पाऊण लिटर चालू आहे. २६ जानेवारीच्या पताका मात्र मी बांधल्या नाहीत, सातवीच्या पोरांनी बांधल्या.

बांधावरची_बोर
आईचं सांगते. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डरच सांगितलं. तीन महिन्यांची साखर साडेनऊ निघाली. औषध बदललंय. सर, तुम्ही त्या दिवशी विचारलं नसतं तर मी तिला बाटली धरायला लावली असती.

कोयता
सर, एक विचारायचं राहिलं. ऊस सोडला, पण सोयाबीनला फवारणी करावीच लागते. सोळा लिटरचा पंप खांद्यावर घ्यायचा म्हणजे हात मागं टाकून पट्टा ओढावा लागतो, तिथंच कळ येते.

लातूरकर_फिजिओ
भाऊ, तुमचं ऑपरेशन झालंय, म्हणून आधी तुमच्या सर्जननी किती वजनाला परवानगी दिलीय ते विचारा. ती असेल तर अडचण पंपाच्या वजनापेक्षा तो चढवण्यात आहे. भरलेला पंप जमिनीवरून उचलून हात मागे टाकणं हा खांद्यासाठी सगळ्यात वाईट कोन. पंप बांधावर किंवा बैलगाडीच्या साट्यावर कमरेइतक्या उंचीवर ठेवा, तिथेच भरा, पाठ टेकवा, पट्ट्यात आधी दुखरा हात घाला, मग चांगला, आणि पायाच्या जोरावर उभं राहा. उतरवताना आधी चांगला हात काढा. निम्माच भरा, फेऱ्या वाढतील पण चालेल. हाताने दांडा मारायचा पंप असेल तर दांडा चांगल्या हाताकडे येईल असा घ्या, नाहीतर बॅटरीचा बघा. नळी कमरेच्या उंचीला धरा, तुरीच्या शेंड्यांवर मारायला दुसऱ्या कुणाला तरी द्या.

कोयता
बैलगाडी हाय. उद्या साट्यावर ठेवूनच भरतो. सर्जनला बी फोन करतो आधी.

खडूफळा
सर, माझ्या कागदावरचं ते बाजूने हात उचलायचं चित्र कधी सुरू करू?

लातूरकर_फिजिओ
एक लिटरची बाटली कुशीवर झोपून दहा वेळा उचलून सकाळ शांत राहिली की सुरू करा. वजन काहीच नाही, कोपर वाकवून, अंगठा वर, आणि हात अगदी बाजूला न नेता जरा पुढे तिरका. खांद्याच्या उंचीपर्यंतच. त्या उंचीला कळ नसेल तर आठवडाभराने कोपर सरळ, त्यानंतर अर्ध्या लिटरची बाटली. साधारण तीन महिने धरून चला, काहींना जास्तही लागतात.